आभार मानले की कमेंट का थांबतात?

प्रश्न: मी फोंड्याला असते, गोव्याच्या जुन्या पदार्थांचं फेसबुक पेज चालवते. परवा खतखत्याची पोस्ट टाकली, तासाभरात तीसेक कमेंट आल्या. मी जवळजवळ प्रत्येकाला "धन्यवाद ताई", "धन्यवाद दादा" आणि हात जोडलेली इमोजी असं उत्तर दिलं. त्यानंतर एकही कमेंट नाही. दर पोस्टला हेच होतं. उत्तरं तर सगळ्यांना देतेय, मग चुकतंय कुठे? (स्क्रीनशॉट जोडलाय.)

उत्तर:

ताई, स्क्रीनशॉट नीट वाचला. म्हापसा-पणजीकडच्या छोट्या धंद्यांची पेजेस सांभाळणं हे माझं काम, त्यात मसालेवाले आहेत, होमस्टे आहेत, एक नाटक मंडळही आहे, त्यामुळे कमेंटखाली काय लिहायचं हा माझा रोजचाच विषय. तुमच्याकडे लोक येत नाहीत असं अजिबात नाहीये. येतायत, बोलायच्या तयारीने येतायत, आणि तुम्ही प्रत्येकाला अगदी प्रेमाने दारापर्यंत सोडून येताय.

आभार मानले की समोरच्याला बोलायला काही उरतच नाही, फार तर तो एक लाइक टाकेल. फोनवरचं बोलणं लोक कसं संपवतात यावर इमॅन्युएल शेग्लॉफ आणि हार्वे सॅक्स या दोन अमेरिकन समाजशास्त्रज्ञांनी १९७३ साली एक लेख लिहिला होता. त्यांचं निरीक्षण साधं आहे. कोणी एकदम फोन ठेवत नाही, आधी "बरं", "ठीक आहे" असं काहीतरी बोलतो ज्यात नवीन विषय नसतो, समोरचाही तसंच काहीतरी बोलतो, आणि दोघांनीही नवीन काही काढलं नाही की मग निरोप. तुमचं "धन्यवाद ताई" कमेंटमध्ये नेमकं त्या "बरं"चं काम करतंय. म्हणजे उत्तर देण्यात तुम्ही कमी पडत नाही आहात, फक्त तुमचं प्रत्येक उत्तर बोलणं आवरतं घेणारं आहे.

आता एक गोष्ट आधीच सांगतो, हे सगळं पोस्ट कसली आहे त्यावर अवलंबून आहे. कोणी गेल्याची बातमी असेल, आजारपणाची असेल, तिथे हात जोडून आभार मानणंच बरोबर, तिथे चर्चा लांबवायची नसते. विक्रीची पोस्ट असेल आणि कोणी भाव विचारला तर भाव सांगून मोकळं व्हायचं. पण खतखतं हा असा विषय आहे की प्रत्येक घराची रीत वेगळी आणि प्रत्येकाला वाटतं आपलंच खरं, त्यामुळे इथे बोलायला भरपूर जागा आहे.

तुमच्याच कमेंट घेऊन दाखवतो. तीसमधल्या निम्म्याहून जास्त "मस्तच", "तोंडाला पाणी सुटलं" आणि नुसत्या इमोजी आहेत. त्यांना लाइक किंवा लव्ह द्या आणि पुढे जा, प्रत्येकीखाली लिहायची काहीच गरज नाही. "मस्त" म्हणणाऱ्या माणसाला प्रश्न विचारला तर तो अवघडतो, त्याला दाद द्यायची होती ती देऊन झाली. आपला वेळ द्यायचा तो ज्या कमेंटमध्ये काहीतरी वस्तू आहे, गाव आहे, माणूस आहे, किंवा तक्रार आहे अशांना. तुमच्या पोस्टवर मला तशा चार दिसल्या.

पहिली, पेडण्याच्या एका बाईंची: "आमच्याकडे यात आंबाडे घालतात." तुमचं उत्तर होतं "धन्यवाद ताई 🙏". इथे मी काय लिहिलं असतं ते बघा: "आंबाड्यांनी आंबटपणा छान येत असणार. मी अख्खे टाकून बघितले होते तर आंबट आतच राहिलं, रसात उतरलंच नाही. तुम्ही चेचून घालता की अख्खेच?"

यात तीन गोष्टी आहेत आणि क्रम महत्त्वाचा आहे. आधी त्यांच्या कमेंटमधली वस्तू उचलली, म्हणजे आंबाडे, त्यामुळे त्यांना कळतं की वाचून लिहिलंय, सगळ्यांना एकच चिकटवलेलं नाही. मग माझ्याकडचं काहीतरी दिलं, एक छोटा अनुभव. आणि शेवटी एकच प्रश्न, तोही असा की उत्तर फक्त त्यांनाच माहीत आहे आणि ते बसमध्ये उभं राहून एका अंगठ्याने टाइप करता येतं. (अनुभव खरा असला तरच लिहा हं. तुम्ही कधी आंबाडे घातलेच नसतील तर "मी कधी घातले नाहीत" एवढं लिहिलं तरी चालतं, तेही काहीतरी देणंच झालं.)

हा शेवटचा मुद्दा बहुतेक लोक चुकवतात. उत्साहाने विचारतात "वा, तुमच्याकडे कसं करतात सांगा ना?" ऐकायला छान वाटतं पण हा फार मोठा प्रश्न आहे. याचं उत्तर म्हणजे अख्खी रेसिपी लिहायची, ती बाई म्हणते संध्याकाळी निवांत लिहीन, आणि ती संध्याकाळ काही येत नाही. चेचून की अख्खे, हे लगेच लिहिता येतं. आणि गंमत अशी की लहान प्रश्नाला उत्तर मोठं येतं. त्या लिहितील "चेचूनच, पण उकळी आल्यावर, आधी घातले तर सुरण लवकर शिजत नाही." म्हणजे तुम्ही न विचारलेली गोष्ट मिळाली, आणि वाचणाऱ्या चार जणींना बोलायला विषय मिळाला. एका वेळी दोन-तीन प्रश्नही विचारू नका, माणूस सोप्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि बाकीचे राहतात, किंवा परीक्षा घेतल्यासारखं वाटून गप्पच बसतो. "का" सुद्धा शक्यतो टाळा. "का घालता आंबाडे?" याला "आमची पद्धत आहे" यापलीकडे उत्तर नसतं, वर जाब विचारल्यासारखं वाटतं ते वेगळंच.

दुसरी कमेंट: "आई चवथीला करायची. आता घरात कोणी करत नाही." ही कमेंट नाजूक आहे. इथे "तुम्ही करा ना मग, सोपं आहे" असं लिहिलं की संपलं, कारण तिने आईची आठवण सांगितली आणि आपण सल्ला दिला. प्रश्न आईबद्दलच्या एका बारीक गोष्टीचा हवा: "तिरफळं ताजी घालायच्या की सुकवलेली? आमच्याकडे श्रावणात हिरवी मिळायला लागली की त्यांचाच वास घरभर." माणसाला आपल्या आईच्या हाताबद्दल बोलायला आवडतं पण कोणीतरी दार उघडावं लागतं. आई कधी गेली, कशी गेली हे विचारायचं नाही, तिने स्वतःहून काढलं तर दोन ओळी मनापासून लिहायच्या आणि तिथे थांबायचं, तिथे प्रश्न नको.

तिसरी, दुबईहून: "इथे कणगी, माडी, नीरफणस काहीच मिळत नाही, मग काय घालायचं?" याला तुम्ही उत्तर दिलंय, "रताळं, बटाटा घालून बघा", आणि उत्तर बरोबरच आहे. पण हा प्रश्न एकट्याने सोडवायचा नव्हता. तुमच्या पेजवर आखातात राहणाऱ्या बऱ्याच बायका असणार, त्यांनी हे जुगाड आधीच केलेलं असतं. मी लिहिलं असतं: "रताळं आणि बटाटा मी घातलाय, चालतो, पण कणगीचा तो चिकटपणा येत नाही. वर कुवेतच्या ताईंनीही फोटो टाकलाय, त्यांनी कणगीच्या जागी काय घातलं ते त्यांनाच विचारूया." आणि मग कुवेतवालीच्या कमेंटखाली जाऊन वेगळा रिप्लाय करायचा की खाली एक ताई विचारतायत, तुम्ही कणगीऐवजी काय घातलंत.

हे दोनदा लिहायचं कारण असं की तुम्ही कोणाच्या कमेंटखाली रिप्लाय करता त्याला नोटिफिकेशन जातं. दुसऱ्याच्या कमेंटखाली तिचं नुसतं नाव टाइप केलंत, टॅग न करता, तर तिला काही कळत नाही. टॅग करताना यादीत तिचं नाव आलं तर उत्तम, नाही आलं तर सरळ तिच्या कमेंटखाली जा. आणि नेहमी "रिप्लाय" वर दाबूनच लिहा. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये दोन-तीन ठिकाणी उत्तर खाली वेगळी कमेंट म्हणून पडलंय, कोणाला लिहिलं तेच समजत नाही.

या तिसऱ्या प्रकाराला मी सगळ्यात जास्त महत्त्व देतो. तुम्ही आणि एक माणूस यांच्यातलं बोलणं कितीही रंगलं तरी ते तुमच्या दमावर चालतं, तुम्ही झोपलात की संपलं. दोन कमेंटवाले एकमेकींशी बोलायला लागले की तुमची गरज उरत नाही. तेव्हा मध्ये पडू नका. दुबईवाली आणि कुवेतवाली रताळ्यावरून बोलतायत, मग तुम्ही प्रत्येक वाक्याला "अगदी बरोबर" लिहायची गरज नाही, एक लाइक पुरे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं होतं की ज्या पोस्टवर लोकांची आपापसात चर्चा होते त्या फीडमध्ये वर दाखवू. गणित नंतर बदलत राहिलं, त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही, पण माणसं एकमेकांशी बोलतायत ती पोस्ट जास्त दिवस चालते हे मी स्वतः रोज बघतो. आणि कोणी तुम्हाला "आवडलं तर कमेंटमध्ये येस लिहा" असला सल्ला दिला तर ऐकू नका, अशा कमेंट उकळणाऱ्या पोस्ट मागे टाकू असं फेसबुकनेच डिसेंबर २०१७ मध्ये सांगून ठेवलंय, आणि तसंही पन्नास वेळा "येस" आलं तरी त्यात बोलण्यासारखं काय आहे?

चौथी कमेंट, जी तुम्हाला लागली असणार असं वाटतं: "हे खतखतं नव्हेच. एवढ्या कमी भाज्यांत खतखतं होत नाही." तुम्ही खाली सात ओळी स्पष्टीकरण दिलंय, बाजारात काय मिळालं, पाहुणे किती होते वगैरे. त्या गृहस्थांनी उत्तर दिलं नाही, देणारही नाहीत, कारण तुम्ही सगळं मान्यही केलंत आणि बचावही केलात, त्यांना बोलायला काही ठेवलंच नाही. तक्रारीत माहिती लपलेली असते, ती बाहेर काढायची. "बरोबर, मोठ्या खतखत्यात भाज्या खूप असतात. तुमच्या गावात कोणत्या भाज्यांशिवाय खतखतं म्हणत नाहीत?" एवढंच. आता ते यादी देतील, आणि त्या यादीवर दुसरं कोणीतरी येऊन म्हणेल की आमच्यात मुळा नसतोच. चर्चा सुरू झाली आणि ती तुमच्यावर नाही, भाज्यांवर आहे.

इथे एक काळजी घ्या, गोव्यात तर फारच घ्या. गाव विचारा, समाज विचारू नका. जेवणाच्या पोस्टवर "तुमच्यात", "आमच्यात" सुरू झालं की दोन-चार कमेंटमध्ये ते जातीवर, धर्मावर नाहीतर भाषेच्या वादावर जातं, आणि मग खतखतं बाजूलाच राहतं. "तुमच्या गावात" किंवा "तुमच्या घरी" असं लिहिलंत की उत्तरंही "काणकोणात असं करतात", "डिचोलीला तसं" अशी येतात. तरीही कोणी उकरून काढलंच तर एकदा नम्रपणे विषयावर आणा, दुसऱ्यांदा ती कमेंट लपवा. भांडणाने आकडा फुगतो हे खरं आहे, पण ज्या बायका आईची आठवण लिहितात त्या भांडण दिसलं की परत काही लिहीत नाहीत, आणि तुमचं पेज त्यांच्या जिवावर आहे.

आता वेळेबद्दल. तुम्ही तीस उत्तरं तासाभरात एकदम दिलीत. म्हणजे तीस जणांना एकाच वेळी नोटिफिकेशन गेलं, त्यातले जे बघायचे ते बघून गेले आणि रात्री पोस्टवर नवीन काही घडलंच नाही. मी असं करतो की पहिल्या तासात दोन-तीन चांगल्या कमेंटना नीट उत्तर देतो, म्हणजे नंतर येणाऱ्याला दिसतं की इथे बोलणं चालू आहे. बाकीच्या चांगल्या कमेंट मुद्दाम राखून ठेवतो, काही रात्री जेवणानंतर, काही दुसऱ्या दिवशी सकाळी. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे आणि कुवेत अडीच तास, तिकडची माणसं कामावरून येऊन जेवून फोन हातात घेतात तेव्हा आपल्याकडे बरीच रात्र झालेली असते, त्यांच्या कमेंट तुम्ही झोपल्यावर येतात आणि त्यांना सकाळी उत्तर दिलं की पोस्टला दुसरा दिवस मिळतो. फक्त कोणी सरळ प्रश्न विचारला असेल, "किती तिरफळं घालायची" वगैरे, तर त्याला ताटकळत ठेवू नका. गॅस पेटवून बसलेला असू शकतो.

प्रश्नाचं उत्तर देतानाही पूर्ण उत्तर तिथेच द्या. "इनबॉक्स बघा" लिहिलंत की ते बोलणं सगळ्यांच्या नजरेआड गेलं, आणि बाकीच्या ज्यांना तेच विचारायचं होतं त्या निघून गेल्या. फोन नंबर, पत्ता, पैशांचे व्यवहार एवढंच इनबॉक्समध्ये.

आणखी एक अडचण अशी की कमेंटखालचे रिप्लाय मिटलेले असतात. बऱ्याचदा "मोस्ट रेलेव्हंट" मध्ये मोजक्याच कमेंट दिसतात आणि रिप्लाय बघायला वेगळं दाबावं लागतं. म्हणजे आंबाड्यांवर तुमचं आणि पेडण्याच्या बाईंचं कितीही छान बोलणं झालं तरी नवीन येणाऱ्याला ते दिसेलच असं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी मी एक नवीन कमेंट टाकतो, कोणाच्या खाली नाही, मोकळी: "कालपासून आंबाड्यांवर दोन मतं आलीयत, पेडण्यात चेचून आणि उकळी आल्यावर, काणकोणात अख्खे आणि सुरुवातीलाच. तुमच्या घरी यातलं कुठलं?" यात दोन्हीकडच्यांना मान मिळतो, आणि ज्यांनी काल नुसतं "मस्त" लिहिलं होतं त्यांनाही आता सोपं काहीतरी लिहायला मिळतं. इन्स्टाग्रामवर असाल तर अशी कमेंट वर पिन करता येते, तिथे तीनपर्यंत पिन होतात.

सगळ्यात जोरात चालणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे आणि ती फार थोडे लोक करतात. कोणी सांगितलेलं खरंच करून बघायचं आणि परत येऊन तिथेच सांगायचं. पुढच्या रविवारी आंबाडे चेचून, उकळी आल्यावर घालून खतखतं करा, वाटीचा फोटो काढा आणि पेडण्याच्या बाईंच्या त्याच कमेंटखाली टाका: "तुमच्या पद्धतीने केलं. आंबट रसात उतरलं यावेळी. पण शेंगा जरा जास्त मऊ झाल्या, त्या नंतर घालायला हव्या होत्या का?" त्या बाई तर येतीलच, आणि त्या आपल्या बहिणीला, नणंदेलाही दाखवतील. जमलं नाही तरी लिहा, बिघडलेल्या पदार्थावर लोक जास्त बोलतात, प्रत्येकाकडे उपाय असतो. एका मसालेवाल्यांच्या पेजवर आम्ही हे नेमाने करतो, गिऱ्हाइकाने सांगितलेलं करून बघायचं आणि आठवड्याने त्याच जागी फोटो, आणि ज्या पोस्ट मेल्या असं वाटलं होतं त्या पुन्हा चालू झालेल्या मी बघितल्यात.

जमतंय की नाही हे कसं ओळखायचं? एकूण आकडा बघू नका. तुमच्या पोस्टवर साठ कमेंट दिसतायत पण त्यातल्या तीस तुमच्याच आहेत. तुम्ही उत्तर दिल्यावर तोच माणूस परत आला का, एवढंच मोजा. सध्या तुमच्याकडे तसं एकही नाही. पुढच्या पोस्टला चार-पाच जण परत आले तरी फरक पडलाय असं समजा. त्यानंतर बघायचं ते हे, की दोन कमेंटवाले तुमच्याशिवाय एकमेकांना उत्तर देतायत का. याला वेळ लागतो, पेज लहान असताना लोकांना एकमेकांची ओळख नसते, त्यामुळे पहिल्या काही पोस्टना तुम्हालाच ओढून ओळख करून द्यावी लागेल.

आणि किती दिवस ओढायचं? तीन-चार दिवसांनी बोलणं आपोआप ओसरलं तर ओसरू द्या, जबरदस्तीने प्रश्न विचारत बसलात तर ते दिसतं. त्याऐवजी त्यातून पुढची पोस्ट काढा. आंबाड्यांवर एवढं बोलणं झालं तर पुढची पोस्ट आंबाड्याच्या सासवाची असू दे, आणि पेडण्याच्या बाईंना आधी विचारून त्यांचं नाव घालून लिहा की खतखत्याच्या पोस्टवर यांनी आंबाड्यांचा विषय काढला होता. खतखत्याची पोस्ट अजून जुनी झालेली नाही. त्या चार कमेंटखाली तुमची आधीची उत्तरं असू देत, काढू नका, त्यांच्याच खाली उद्या सकाळी दुसरा रिप्लाय लिहा, पेडण्याच्या बाईंपासून सुरुवात करा.